थेंब अंतिम वेगाला कधी पोहोचतो? ३ मिलीमीटरचा थेंब, ३ मीटरचं छत आणि पॅराशूट

प्रश्न: मी मृद व जलसंधारणात एम.टेक. करते आहे. मातीच्या धुपेच्या प्रयोगासाठी इंजेक्शनच्या सुयांतून साधारण ३ मिमीचे थेंब ट्रेवर पाडतो. शेडची उंची ३ मीटर. ड्रॅग गुणांक ०.४७ धरून अंतिम वेग काढला, पण तिथे पोहोचायला लागणारा वेळ काढायला गेले तर उत्तर अनंत येतं! सर म्हणतात पॅराशूटवाल्यालाही हेच सूत्र लागतं. मग त्याला दहा-बारा सेकंद लागतात आणि थेंबाला किती? ३ मीटर पुरतात का?

उत्तर: नाही, पुरत नाहीत. ३ मिमीचा थेंब ३ मीटर पडल्यावर त्याच्या अंतिम वेगाच्या ७७ टक्क्यांवर असतो. तुमच्या कामात महत्त्वाची आहे ती गतिज ऊर्जा, आणि ती खऱ्या पावसाच्या ६० टक्केच मिळते. हे आकडे कुठून आले ते सांगतो, म्हणजे दुसऱ्या आकाराच्या थेंबासाठी किंवा दुसऱ्या उंचीसाठी तुम्हाला स्वतःला काढता येतील.

आधी अंतिम वेग. पडणाऱ्या वस्तूवर खाली वजन आणि वर हवेचा रोध असतो. रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो वजनाइतका झाला की वेग वाढायचा थांबतो. त्यावरून:

```
m·g = ½·ρ·Cd·A·vt²
vt  = √( 2·m·g / (ρ·Cd·A) )

गोल थेंबासाठी:
vt  = √( 4·g·d·ρw / (3·Cd·ρ) )
```

इथे ρ ही हवेची घनता, ρw पाण्याची आणि d थेंबाचा व्यास. तुमच्या थेंबासाठी d = ०.००३ मी., हवेची घनता १.२ किलो प्रति घनमीटर आणि Cd = ०.४७ घातलं की ८.३ मी./से. येतं. तुम्हालाही हेच आलं असणार. मोजलेला वेग ८.०६ आहे. रॉस गन आणि गिल्बर्ट किन्झर यांनी १९४९ मध्ये स्थिर हवेत पडणाऱ्या थेंबांचे वेग मोजून प्रसिद्ध केले. पावसावर काम करणारे लोक आजही आपलं गणित त्याच कोष्टकाशी ताडून पाहतात. तुमचा फरक तीन-साडेतीन टक्क्यांचा आहे, म्हणजे ०.४७ तुमच्या थेंबापुरतं चाललं. का चाललं, ते पुढे येईल.

आता वेळ. गतीचं समीकरण सोडवलं की वेग असा वाढतो:

```
v(t) = vt · tanh( g·t / vt )
```

हायपरबोलिक टॅन्जंट १ ला कधीच शिवत नाही, नुसता जवळ जात राहतो. त्यामुळे ‘अंतिम वेगाला पोहोचायला किती वेळ’ असं विचारलं तर ‘अनंत’ हे उत्तर बरोबरच आहे. तुमच्या गणितात चूक नाही, प्रश्न बदलायला हवा. ९० टक्के, ९५ टक्के की ९९ टक्के, हे आधी ठरवायचं आणि मग वेळ काढायचा.

सूत्रात t नेहमी vt/g च्या सोबतीने येतो, हे इथलं सगळ्यात उपयोगी निरीक्षण. vt/g ला सेकंद हे एकक आहे. हवा नसती तर अंतिम वेगाइतका वेग गाठायला जेवढा वेळ लागला असता, तेवढाच हा काळ. याला आपण T म्हणू. कुठलीही वस्तू असो, रोध वेगाच्या वर्गाने वाढत असेल तर ९० टक्के वेग सुमारे १.५ T मध्ये, ९५ टक्के १.८ T मध्ये आणि ९९ टक्के २.६५ T मध्ये येतो. एकदा अंतिम वेग कळला की वेळेसाठी ड्रॅग गुणांक, वजन, क्षेत्रफळ पुन्हा काहीही लागत नाही. ते सगळं vt मध्ये आधीच सामावलेलं असतं.

तुमच्या थेंबाचा T म्हणजे ८.०६ भागिले ९.८, सुमारे ०.८२ सेकंद. त्यामुळे ९५ टक्के वेग दीड सेकंदात आणि ९९ टक्के २.२ सेकंदात. ढगातून निघालेला थेंब काही मिनिटं पडत असतो, तेव्हा निसर्गात हा प्रश्नच उद्भवत नाही. प्रयोगशाळेत मात्र दीड सेकंदासाठी केवढी उंची लागते, हे पाहावं लागतं.

उंचीसाठी वेळेच्या वाटेने न जाता सरळ वेग आणि अंतर यांचं नातं वापरावं. ते जास्त सुटसुटीत आहे:

```
v² = vt² · ( 1 − exp(−2·y/L) ),   L = vt²/g
```

L हे T सारखंच, पण अंतराचं माप. डाव्या बाजूला वेगाचा वर्ग आहे, म्हणजे खरं तर ऊर्जा. थेंबाला अंतिम ऊर्जेचा किती हिस्सा मिळाला, ते कंसातला आकडा थेट सांगतो. धुपेचं काम करणाऱ्याने तर हेच सूत्र पाठ करावं, tanh च्या भानगडीत पडूच नये.

तुमच्या थेंबाचा L म्हणजे ८.०६ चा वर्ग भागिले ९.८, म्हणजे ६.६३ मीटर. y = ३ घातलं की घातांक −०.९०५ येतो, exp ची किंमत ०.४०५, आणि ऊर्जेचा हिस्सा ०.५९५. त्याचं वर्गमूळ ०.७७. वेग झाला ६.२ मी./से. हवा नसती तर ३ मीटरवर ७.७ मी./से. झाला असता, म्हणजे एवढ्याशा अंतरातही हवेने बरंच खाल्लं आहे. पडायला लागणारा वेळ ०.८४ सेकंद. ९५ टक्के वेगासाठी १.१६ L म्हणजे ७.७ मीटर उंची हवी आणि ९९ टक्क्यांसाठी जवळजवळ २ L, १३ मीटर. चार मजली इमारतीच्या जिन्याची पोकळी मिळाली तरच ते जमेल, आणि तिथे वाऱ्याचा झोत थेंबांना ट्रेबाहेर नेतो ते वेगळंच.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे एकाच उंचीवरून पाडलेल्या लहान-मोठ्या थेंबांचं सारखं नुकसान होत नाही. १ मिमीच्या थेंबाचा अंतिम वेग ४.०३ मी./से., त्याचा L फक्त १.६६ मीटर. तुमच्या ३ मीटरच्या शेडमध्ये त्याला ९७ टक्के ऊर्जा मिळून जाते. ५ मिमीच्या थेंबाचा अंतिम वेग ९.०९, L ८.४ मीटर, आणि त्याला जेमतेम ५१ टक्के. मातीचे कण उडवणारं काम प्रामुख्याने मोठे थेंबच करतात, आणि बुटक्या शेडमध्ये तेच सगळ्यात अशक्त होतात. म्हणून ‘सगळ्यांना एकच दुरुस्ती गुणक लावू’ हा मार्ग मिश्र आकाराच्या थेंबांना चालत नाही. तुमचे थेंब एकाच आकाराचे आहेत, तेव्हा तुम्ही ०.६ ने गुणून ऊर्जा नोंदवू शकता. अहवालात उंची आणि हा गुणक दोन्ही लिहा.

०.४७ कधी धरायचं आणि कधी नाही

हा आकडा बहुतेक पुस्तकांत ‘गोलाचा ड्रॅग गुणांक’ म्हणून दिलेला असतो आणि विद्यार्थी तो g सारखा स्थिरांक समजतात. तो तसा नाही. गुणांक रेनॉल्ड्स अंकावर अवलंबून असतो आणि रेनॉल्ड्स अंकात वेग येतो: Re = v·d/ν. ν ही गतिक श्यानता, हवेसाठी सुमारे १.५ × १०⁻⁵ चौ.मी./से. तुमच्या थेंबासाठी Re येतो १६०० च्या आसपास. हजारापासून लाखापर्यंतच्या टप्प्यात गुळगुळीत गोलाचा गुणांक ०.४ ते ०.५ च्या दरम्यान फारसा न हलता राहतो. तुमचा थेंब या सपाट भागात बसतो, म्हणून ०.४७ ने काम भागलं.

१ मिमीच्या थेंबाला तेच लावून पाहा. ०.४७ ने ४.८ मी./से. येतं, मोजलेला वेग ४.०३. वेगात जवळजवळ २० टक्के चूक, म्हणजे ऊर्जेत ४० टक्क्यांच्या वर. इथे गुणांक आधी माहीत नसतो. वेग कळला तर गुणांक कळेल, आणि वेगासाठी गुणांक हवा. मग फेऱ्या माराव्या लागतात. Re हजाराच्या खाली असताना गोलासाठी हे सूत्र बऱ्यापैकी चालतं:

```
Cd = (24/Re) · (1 + 0.15·Re^0.687)
```

पहिल्या फेरीत वेग ४.८ घेतला की Re होतो ३२० आणि Cd ०.६७. त्यावरून नवा वेग ४.०. त्याचा Re २७०, Cd ०.७१, वेग ३.९. आणखी एक फेरी मारली की वेग ३.९ च्या किंचित खाली येतो आणि तिथेच थांबतो. मोजलेल्या वेगापेक्षा हे चार टक्क्यांनी कमी आहे, आणि थेंबाच्या कामात एवढं चालवून घ्यायला हरकत नाही. फेऱ्या तीन-चारच लागतात. उत्तर खाली-वर उड्या मारत राहिलं आणि स्थिरावलंच नाही, तर बहुधा एककाची चूक असते. व्यास मिलीमीटरमध्ये घातला गेलेला असतो.

दुसऱ्या टोकाला, ५ मिमीच्या थेंबाला ०.४७ ने १०.८ मी./से. येतं आणि मोजलेला वेग ९.०९ आहे. रेनॉल्ड्स अंक तर अगदी सपाट भागात आहे, मग चूक कुठली? तर थेंब गोल राहिलेला नाही. चित्रात काढतात तसा टोकदार शेपटीचा थेंब पावसात नसतो. मोठा थेंब खालून चपटा आणि वरून फुगीर, बनपावासारखा होतो. खालून लागणारा हवेचा दाब पृष्ठताणाला पुरून उरतो. थेंब आडवा पसरला की हवेला सामोरं जाणारं क्षेत्रफळ वाढतं. आपण सूत्रात मात्र तेवढ्याच आकारमानाच्या गोलाचा व्यास घालतो, त्यामुळे सगळा फरक गुणांकात जमा होतो आणि गुणांक ०.६६ दिसतो. साडेचार-पाच मिमीनंतर व्यास वाढवला तरी वेग जवळपास वाढतच नाही, नऊच्या आसपास अडकतो. त्यापुढे थेंब पसरून फुटायलाच लागतात.

तेव्हा २ ते ३ मिमीच्या पट्ट्यात ०.५ धरा, बाकी ठिकाणी मोजलेलं कोष्टक वापरा. कोष्टक हाताशी असताना गुणांक अंदाजाने धरण्यात काही शहाणपण नाही. अगदी बारीक थेंबांत तर रोध वर्गाने वाढतच नाही, सरळ वेगाच्या प्रमाणात वाढतो. ढगातला ०.०२ मिमीचा कण सेकंदाला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास खाली येतो आणि तो वेग त्याला मिलीसेकंदांत मिळतो. तिथे tanh चं सूत्र लागू नाही.

तुम्हाला शंका येईल की थेंब सुरुवातीला सावकाश असताना Re लहान आणि गुणांक मोठा असतो, मग स्थिर गुणांकाने काढलेली उंची चुकणार नाही का? सावकाश असताना रोधच इतका कमी असतो की गुणांक दुप्पट झाला तरी फार बिघडत नाही. खात्री करायची असेल तर पायऱ्या-पायऱ्यांनी काढून बघा:

```python
d, dt = 0.003, 0.001
rho, rho_w, nu, g = 1.2, 1000.0, 1.5e-5, 9.8
v = y = t = 0.0
while y < 3.0:
    Re = max(v*d/nu, 1e-6)
    Cd = max(24/Re*(1 + 0.15*Re**0.687), 0.50)
    a = g - 0.75*rho*Cd*v*v/(rho_w*d)
    v += a*dt
    y += v*dt
    t += dt
print(t, v)
```

यातूनही ६.२ च्या आसपासच उत्तर मिळतं. d बदलून इतर थेंब तपासता येतील. फक्त ४ मिमीच्या वर ०.५० ही खालची मर्यादा वाढवा, कारण चपटेपणा या प्रोग्रॅममध्ये नाही.

आपला आकडा खरा आहे का, हे शेडमध्येच बघा

सुईतून थेंब ३ मिमीचाच पडतो, हे गृहीत धरू नका. शंभर थेंब एका हलक्या वाटीत मोजून पाडा आणि वजन करा. ३ मिमीच्या थेंबाचं वजन १४.१ मिलिग्रॅम, म्हणजे शंभरांचं १.४१ ग्रॅम भरलं पाहिजे. सुईचं टोक तिरपं असेल किंवा पाण्याचा दाब जास्त असेल तर थेंब वेगळा पडतो. व्यास वजनाच्या घनमुळाने बदलतो, त्यामुळे वजनात दहा टक्के चूक झाली तरी व्यासात तीनच टक्के येते. मोजण्याची ही पद्धत म्हणूनच भरवशाची. पाणी भराभर पडत असेल तर वाटीवर झाकण ठेवायची गरज नाही. तासभर ठेवणार असाल तर बाष्पीभवन वजनात घुसतं.

वेगासाठी मोबाइलचा स्लो-मोशन पुरतो. सेकंदाला २४० फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्यात ६.२ मी./से. वेगाचा थेंब दोन फ्रेममध्ये २६ मिलीमीटर सरकतो. ट्रेच्या जरा वर, थेंबाच्या रेषेतच स्टीलची पट्टी उभी धरा, मागे काळा कागद लावा, बाजूने जोरदार प्रकाश सोडा. पट्टी थेंबाच्या मागे अर्ध्या हातावर असली तर कॅमेऱ्याला अंतर जास्त दिसतं आणि वेगही जास्त येतो. हीच चूक सगळ्यात जास्त होते. पट्टी थेंबाच्या रेषेत असूनही मोजलेला वेग गणितापेक्षा जास्त आला, समजा ७ च्या पुढे, तर सुई थेंब सोडत नसून पिचकारी मारते आहे असं समजा. टाकीतली पाण्याची पातळी खाली आणा.

हवेची घनताही एकदा तपासा. अंतिम वेग घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आहे. पुण्याच्या आयआयटीएमची ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा तिथेच आहे. तिथे हवा कोकणापेक्षा बाराएक टक्क्यांनी विरळ, म्हणून मोठा थेंब सहा-सात टक्के जास्त वेगाने पडतो आणि ऊर्जा तेरा टक्क्यांच्या आसपास वाढते. कोष्टकातले वेग समुद्रसपाटीच्या दाबाचे आणि २० अंश सेल्सिअसचे आहेत, हे लक्षात ठेवून दुरुस्ती करा.

पॅराशूटवाल्याला दहा सेकंद का

सर बरोबर म्हणतात, सूत्र तेच. पोट खाली करून, हातपाय पसरून पडणारा माणूस सामानासकट ९० किलोचा धरा, क्षेत्रफळ ०.६ चौ.मी., गुणांक १.०. दोन हजार मीटर उंचीवर हवेची घनता जवळपास १.०. अंतिम वेग येतो ५४ मी./से., ताशी १९५ किलोमीटर. T झाला साडेपाच सेकंद. ९० टक्के वेग आठ सेकंदांत, ९५ टक्के दहा सेकंदांत, आणि त्या वेळी तो साडेतीनशे मीटर खाली आलेला असतो. थेंबापेक्षा तो पावणेसातपट वेगवान, म्हणून त्याला वेळही पावणेसातपट लागतो. याहून वेगळं कारण नाही. अंतर मात्र वेगाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे ते पंचेचाळीसपट होतं.

माणसाच्या बाबतीत क्षेत्रफळ आणि गुणांक वेगवेगळे सांगण्यात फारसा अर्थ नसतो. कपडे, शरीराची ठेवण, हात किती पसरले, सगळ्यांनी दोन्ही बदलतात. मोजता येतो तो त्यांचा गुणाकार. वर ०.६ चौ.मी. आला तो गुणाकारच. डोकं खाली करून पडलं की तो बराच कमी होतो आणि वेग वाढतो.

शिवाय इथे ९९ टक्क्यांचा हट्ट धरून उपयोग नाही, कारण अंतिम वेगच जागेवर उभा राहत नाही. ४००० मीटरवर उडी मारली तर तिथल्या ०.८२ घनतेला अंतिम वेग ६० मी./से. भरतो आणि १२०० मीटरवर येईपर्यंत तो ५२ होतो. उडी मारणाऱ्याचा वेग आधी वाढतो, पहिल्या काही शे मीटरमध्ये शिखर गाठतो आणि मग पॅराशूट न उघडताही सावकाश कमी होत जातो. याचं टोकाचं उदाहरण म्हणजे फेलिक्स बॉमगार्टनरची १४ ऑक्टोबर २०१२ ची उडी. ३९ किलोमीटर उंचीवरची हवा इतकी विरळ की त्याचा वेग ताशी १३५७ किलोमीटरपर्यंत गेला, आणि खाली दाट हवेत येताच तो उतरला. अशा उडीला tanh चं सूत्र लावायचंच नाही. वरच्यासारखा पायऱ्यांचा प्रोग्रॅम घेऊन ρ उंचीनुसार बदलायची.

पॅराशूट उघडल्यावर तीच गोष्ट उलट्या दिशेने घडते. गोल छत्रीच्या कापडाचा व्यास १० मीटर, क्षेत्रफळ ७८.५ चौ.मी., गुणांक ०.७५, माणूस सामानासह १०० किलो, जमिनीजवळची घनता १.२ असं धरलं तर उतरण्याचा वेग ५.३ मी./से. येतो. इथे एक सापळा आहे. ०.७५ हा गुणांक शिवलेल्या कापडाच्या पूर्ण क्षेत्रफळासाठी दिलेला असतो. फुगलेल्या छत्रीचा व्यास कापडाच्या व्यासाच्या दोन-तृतीयांशाच्या जरा वर असतो आणि क्षेत्रफळ निम्म्याहून थोडं कमी. गुणांक एका क्षेत्रफळाचा आणि क्षेत्रफळ दुसरंच, असं झालं तर वेग ५.३ ऐवजी पावणेआठ येतो. गुणांक आणि क्षेत्रफळ ही जोडी एकाच ठिकाणाहून घ्यायची.

५.३ मी./से. ला T होतो अर्धा सेकंद आणि L पावणेतीन मीटर. छत्री एका क्षणात पूर्ण उघडली असं समजलं तर ५२ वरून सव्वापाचच्या जवळ यायला सेकंदभरही लागणार नाही, दहा मीटरमध्ये काम संपेल. पण पहिल्या क्षणी मंदन g च्या (५२/५.३)² − १ पट, म्हणजे शंभराच्या जवळपास भरतं. माणूस एवढं सहन करू शकत नाही आणि दोऱ्याही नाही. म्हणून उघडणं मुद्दाम लांबवतात. चौकोनी पॅराशूटच्या दोऱ्यांवर स्लायडर नावाचा कापडाचा तुकडा असतो. तो हवेच्या दाबाने वर अडकून राहतो आणि छत्रीला सावकाश पसरू देतो, त्यात तीन-चार सेकंद जातात. तो काळ छत्रीच्या फुगण्याने ठरतो, T ने नाही. म्हणून उघडण्याच्या वेळेसाठी आपलं सूत्र वापरू नका, उघडल्यानंतरच्या वेगासाठी वापरा.

मग ३ मीटरच्या शेडचं काय करायचं

शून्याऐवजी आधीच्या वेगाने सुरुवात करण्याची हीच कल्पना तुमच्या उपयोगी पडते. सुरुवातीचा वेग v0 असेल तर सूत्र असं होतं, आणि ते v0 लहान असो वा मोठा, दोन्हीकडे चालतं:

```
v² = vt² − (vt² − v0²) · exp(−2·y/L)
```

सुयांऐवजी दाबाने पाणी फेकणारे नोझल लावले आणि थेंब ७ मी./से. ने खाली निघाला, तर ३ मीटर खाली ३ मिमीच्या थेंबाचा वेग ७.६५ होतो, अंतिम वेगाच्या ९५ टक्के, आणि ऊर्जा ९० टक्के. त्याच नोझलमधून निघालेला १ मिमीचा थेंब त्याच्या अंतिम वेगापेक्षा बराच जोरात सुटतो, पण ट्रेपर्यंत येताना ४.१ वर येतो, म्हणजे फक्त तीन टक्के जास्त. मोठे थेंब खालून आणि लहान थेंब वरून, दोन्ही आपापल्या वेगाच्या जवळ पोहोचतात. बुटक्या शेडमध्ये सुयांपेक्षा नोझल बरे ठरतात ते याच कारणाने.

नोझलचा त्रास वेगळा. थेंब एका आकाराचे राहत नाहीत, त्यामुळे शंभर थेंब तोलण्याची युक्ती संपते आणि मैद्याच्या ताटात थेंब झेलून, गोळ्या वाळवून, चाळून आकार काढावे लागतात. शिवाय एका जागी धरला तर पावसाची तीव्रता नको तेवढी जास्त येते, म्हणून नोझल मागेपुढे हलवत ठेवावा लागतो किंवा मध्ये फिरणारी फट असलेली तबकडी बसवावी लागते. तुमच्या प्रयोगात एकाच आकाराचा थेंब हीच अट असेल तर सुयाच ठेवा आणि ०.६ चा गुणक लावा. एकूण पावसाची ऊर्जा हवी असेल तर नोझलकडे वळा.